संकष्टीचा चंद्रोदय: वेळ आपल्या गावाची

संकष्टीचा उपास कृष्ण चतुर्थीला असतो. चंद्रोदयाला चतुर्थी असेल तो दिवस धरतात, म्हणून कधी कॅलेंडरात सकाळी तृतीया दिसते. त्याने गोंधळू नये. चंद्र उगवला की अर्घ्य देऊन, बाप्पाला मोदकांचा नैवेद्य दाखवून उपास सोडायचा.

वेळ मात्र आपल्या गावाचीच पाहावी. पंचांगात गाव नसेल तर जवळच्या शहरावरून काढता येते: पूर्वेकडे दर रेखांशाला चंद्र साधारण ४ मिनिटे आधी उगवतो. नागपूर मुंबईच्या सव्वासहा अंश पूर्वेला आहे, म्हणजे मुंबईत ९.३० तर नागपुरात सुमारे ९.०५. ही वेळ मोकळ्या क्षितिजाची; डोंगराआडून चंद्र उशिरा दिसतो. ढग असतील तर पंचांगातली वेळ धरून, चंद्राच्या दिशेने अर्घ्य देतात.