पहिल्या हाकेतच कळतं, कोणाकडचे ते

लग्नाच्या कार्यालयात पंगत उठत असते. आई मुलाला पुढे ढकलते आणि कानात सांगते, "नमस्कार कर, मामा आहेत." मुलाने या माणसाला जन्मात पाहिलेलं नसतं. तो आईचा सख्खा भाऊ नाही, आईच्या आत्याचा मुलगा आहे. तरी मुलगा वाकतो आणि म्हणतो, "मामा, ओळखलंत का?" समोरून लगेच प्रश्न येतो, "कुठल्या ताईचा रे तू?"

या दोन वाक्यांत बरंच काम उरकलेलं असतं. 'मामा' म्हटल्याबरोबर समोरच्याला कळतं की हा बहिणीचा मुलगा, म्हणजे आपला भाचा. प्रश्न उरतो तो एवढाच की कुठल्या बहिणीचा. तोच मुलगा 'काका' म्हणाला असता, तर त्या गृहस्थांनी त्याला भावाकडे शोधलं असतं, पुतण्या म्हणून.

इतक्या लांबच्या माणसाला काय म्हणायचं, हे ठरवण्याची रीत सोपी आहे. आई किंवा वडील त्या माणसाला काय म्हणतात ते बघायचं. आई ज्याला दादा म्हणते तो मामा, जिला ताई म्हणते ती मावशी. वडिलांचा दादा तो काका, वडिलांची ताई ती आत्या. चुलत, मामे, आते, मावस हे भेद नातं समजावून सांगताना येतात, हाक मारताना येत नाहीत. "चुलतमामा, कसे आहात?" असं कोणी म्हणत नाही. मामा दोन-चार असतील तर नाव किंवा गाव जोडून 'सुरेशमामा', 'कोल्हापूरचे मामा' असं म्हटलं जातं.

वयालाही इथे फारशी किंमत नाही. आईचा सगळ्यात धाकटा चुलतभाऊ भाच्याहून दोन वर्षांनी लहान असला, तरी तो मामाच. अशा वेळी 'मामा'च्या पुढे बिनदिक्कत 'तू' येतं. मावशी आणि आत्या यांनाही बऱ्याच घरांत 'तू'च म्हणतात, आणि त्यात अनादर नसतो. त्यांच्या यजमानांना मात्र 'तुम्ही'. क्वचित भेटणारा माणूस अडखळतो तो इथेच. लहानपणी जिला 'तू' म्हटलं त्या मावशीला वीस वर्षांनी भेटल्यावर 'तुम्ही' म्हटलं, तर "एवढी परकी झाले का मी?" असं ऐकावं लागतं.

खरा घोळ होतो तो यजमानांच्या बाबतीत. मावशीच्या नवऱ्याला हाक 'काका' अशीच मारतात; 'मावसा' हा शब्द बहुतेकदा ओळख करून देताना येतो. आत्याच्या नवऱ्याला शहरातल्या अनेक घरांत काका म्हणतात, पण ग्रामीण भागात बऱ्याच ठिकाणी तो 'मामा' असतो. पुण्यात वाढलेली मुलगी सातारा जिल्ह्यातल्या आत्याकडे जाऊन तिच्या यजमानांना 'काका' म्हणाली, तर घरचे लगेच दुरुस्ती करतात, "काका नाही गं, मामा म्हण."

वडिलांकडचा हा माणूस मामा कसा? याचं उत्तर लग्नाच्या जुन्या चालीत सापडतं. इरावती कर्वे यांनी 1953 साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय नातेव्यवस्थेवरच्या ग्रंथात महाराष्ट्राला उत्तर आणि दक्षिण यांच्या मधला प्रदेश मानलं आहे. उत्तरेत मामाच्या मुलीशी लग्न चालत नाही, महाराष्ट्रातल्या अनेक समाजांत मात्र ते चालतं. आता हे मुलीच्या बाजूने पाहावं. ती आत्याच्या मुलाशी लग्न करते, म्हणजे आत्या तिची सासू होते आणि आत्याचा नवरा सासरा. सासऱ्याला 'मामंजी' आणि सासूला 'आत्याबाई' म्हणण्याची पद्धत या चालीशी नेमकी जुळते. मग लग्न होवो न होवो, आत्याच्या नवऱ्याला 'मामा' म्हणणं त्याच घडीत बसतं. आज अशी लग्नं कमी झाली, तरी हाका टिकून आहेत.

कधी एकाच व्यक्तीशी दोन नाती लागतात. भाऊ-बहिणींची साटंलोटं झाली असेल, तर आईच्या भावाची बायको ही वडिलांची बहीणही असते. ती मामी की आत्या? याला एकच नियम नाही. काही घरांत रक्ताचं नातं वरचढ धरून तिला आत्या म्हणतात आणि तिच्या नवऱ्याला मामा. त्यामुळे आत्या आणि मामा हे जोडपं तिथे कोणाला खटकत नाही.

हल्ली सगळ्यात जास्त चुकणारी हाक मात्र 'काकू' ही आहे. शेजारीण, मैत्रिणीची आई, दुकानातल्या बाई, सगळ्या काकू. त्याच सवयीने कोणी आईच्या मावसबहिणीला "नमस्कार काकू" म्हणालं, की तिचा चेहरा उतरतो. काकू म्हणजे वडिलांच्या भावाची बायको, घरात लग्न करून आलेली; मावशी आईच्या माहेरची, आईबरोबर एका अंगणात खेळलेली. अशा वेळी नातं नीट आठवत नसेल, तर हाक न मारता नमस्कार करावा आणि "मी अमकीचा मुलगा" असं आईचं माहेरचं नाव घेऊन सांगावं. पुढचं त्या स्वतःच सांगतात, "अरे, मी तुझी मावशी!"