जलकुंभातलं शिळं पाणी

एक साधा हिशेब मांडून पाहू. जलकुंभ दहा लाख लिटरचा आणि गावाला रोज लागणारं पाणीही तेवढंच, म्हणजे पाण्याचं सरासरी वय एक दिवस. आत येताना लिटरमागे 0.8 मिलिग्रॅम क्लोरीन आहे आणि ते दिवसाला निम्मं होतं असं धरू. मग बाहेर पडताना सुमारे 0.4 उरायला हवं, आणि भारतीय मानकानुसार किमान 0.2 पुरतं.

पण सरासरी फसवते. बऱ्याच टाक्यांत पाणी भरायला आणि सोडायला तळाशी एकच रुंद नळ असतो. उन्हाळ्यात आत येणारं पाणी टाकीतल्यापेक्षा गार, म्हणून जड. ते संथपणे तळाशी पसरतं आणि मागणी वाढली की तेच आधी निघून जातं. वरचा कोमट थर तसाच राहतो. तीन दिवसांत त्यातलं क्लोरीन 0.1 वर येतं.

हे ओळखता येतं. वरच्या नि तळाच्या पाण्याचं तापमान मोजावं. एखाद्या अंशाचा फरकही बोलका असतो. टाकी उतरताना सुरुवातीला चांगलं असलेलं क्लोरीन पुढे घसरू लागलं, तर शिळा थर खाली आला असं समजावं.

उपाय बहुधा नळातच असतो. आतल्या नळाचं तोंड अरुंद करून धार तिरकी वर सोडली, की तिच्या जोराने सारं पाणी ढवळतं. बाहेरचा नळ दूर नेला तरी धार मंद असेल तर थर मोडत नाही. पंपही थोडाथोडा न चालवता सलग चालवावा लागतो, नाहीतर धार टाकीभर पोचण्याआधीच थांबते.