पुण्याचे 50 लाख: संपादकांना पत्र लिहिण्यापूर्वी

समजा, एखाद्या बातमीत छापून आले की 2011च्या जनगणनेनुसार पुणे महापालिकेच्या हद्दीत 50 लाख 57 हजार लोक राहतात. हा आकडा जनगणनेतलाच आहे, पण महापालिकेचा नाही. तो 'पुणे नागरी समूहा'चा आहे. या समूहात पुण्याबरोबर पिंपरी-चिंचवड, पुणे, खडकी व देहूरोड ही कॅन्टोन्मेंट आणि लगतची काही गावेही मोजलेली आहेत. एकट्या महापालिकेची लोकसंख्या होती 31,24,458.

चुकीचे मूळ कोठे आहे ते जनगणनेचा तक्ता ए-4 उघडला की कळते. त्यात नागरी समूह आणि त्यातली शहरे वेगवेगळ्या ओळींत असून 1901पासूनचे आकडे दिलेले आहेत. समूहाच्या नावापुढे `UA` असते, महापालिकेच्या नावापुढे `M Corp.` असते. घाईत 'पुणे' एवढेच वाचणारा मोठा आकडा उचलतो.

ही चूक पुढच्या हिशेबात झिरपते. शहराला मिळणारे पाणी 31 लाखांऐवजी 50 लाखांनी भागले, तर माणशी 100 लिटरच्या जागी सुमारे 62 लिटरच दिसते. पाणी तेवढेच असते, तरी टंचाई मात्र वाढलेली भासते.

अशा वेळी संपादकांना एवढे पत्र पुरते:

"महोदय, आपल्या अमुक तारखेच्या अंकातील पाणीपुरवठ्याच्या बातमीत पुणे महापालिकेची लोकसंख्या 50,57,709 अशी छापली आहे. भारताची जनगणना 2011, तक्ता ए-4 यानुसार ती संख्या पुणे नागरी समूहाची आहे. त्याच तक्त्यात महापालिकेची लोकसंख्या 31,24,458 आहे. बातमीतील दरडोई पाण्याचा हिशेबही त्यानुसार तपासून दुरुस्ती छापावी, ही विनंती."

पत्र पाठवण्यापूर्वी स्वतःचा आकडाही पारखावा. 2011 सालीच आधी हंगामी आकडे जाहीर झाले होते आणि त्यांत महापालिकेची लोकसंख्या 31,15,431 होती. बातमीत ही संख्या असेल, तर शहर बरोबर आहे. फक्त अंतिम आकडा घ्यायला हवा, असे सौम्यपणे लिहावे.

आणखी एक मर्यादा ध्यानात ठेवावी. ही मोजणी 1 मार्च 2011 या दिवसाला धरून झाली. त्यानंतर 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावे महापालिकेत आली. 2021ची जनगणना तर झालीच नाही. म्हणून बातमीत आजची लोकसंख्या 'अंदाजे' म्हणून दिली असेल, तर 31,24,458 दाखवून ती खोटी ठरवता येत नाही. तेथे अंदाज कोणाचा आणि कोणत्या हद्दीसाठी, एवढेच विचारावे. चूक ठामपणे सांगता येते ती बातमीने 2011च्या जनगणनेचे नाव घेतले असेल तेव्हाच.