सुईण आजीचा परिचय

तालुक्याच्या गावातलं कॉलेज. महिला दिनाचा कार्यक्रम. प्रमुख पाहुण्यांचा परिचय करून द्यायला दुसऱ्या वर्षाची एक मुलगी माईकसमोर उभी आहे, आणि पाहुणी आहे तिचीच आजी, एकेकाळची गावची सुईण. एवढ्या सामग्रीवर फार चांगली लघुकथा होऊ शकते. ती बिघडते बहुधा एकाच ठिकाणी, परिचयाच्या भाषणात. आपल्याकडच्या परिचयात शिक्षण, पद, पुरस्कार यायलाच हवेत. आजीपाशी यातलं काहीच नाही. मग लेखक रिकामी जागा विशेषणांनी भरतो. आजी मायेचा सागर होते आणि तिनं आयुष्यभर नेमकं काय केलं, हे वाचकाला कळतच नाही.

माझ्या मते कथेचा जीव आदल्या रात्रीत आहे. नात वही घेऊन आजीसमोर बसते आणि विचारते, "आजी, तू नाळ कशी कापायचीस?"

"घाई न्हाई करायची," आजी सांगते. "तिची धडधड थांबू द्यायची. मग उकळलेल्या दोऱ्यानं दोन ठिकाणी बांधायची आन् मधी कापायची. पान नवं कोरं पायजे. वर काय लावायचं न्हाई."

या शेवटच्या चार शब्दांमागे मोठा इतिहास आहे. आजीच्या सासूच्या पिढीत नाळ कापायला विळाही चाले आणि कापलेल्या जागी राख किंवा शेण लावत. बाळ पहिले काही दिवस ठणठणीत दिसे, मग साधारण आठवड्याच्या आसपास अंगावर प्यायचं थांबे. जबडा मिटे, अंग धनुष्यासारखं ताठे. हा धनुर्वात. त्याचे जंतू माती-शेणातून नाळेच्या जखमेत शिरत. घरचे मात्र सटवाईनं लिहिलं तेवढंच आयुष्य होतं, असं म्हणत. सरकारनं दाईंना प्रशिक्षण द्यायला सुरुवात केल्यावर पाच गोष्टी त्यांच्या मनावर ठसवल्या गेल्या: हात, जागा, पान आणि दोरा स्वच्छ हवेत, आणि नाळेचं टोक कोरडं, स्वच्छ राहिलं पाहिजे. त्याला गरोदरपणातल्या लसीची जोड मिळाली. नवजात बाळांच्या धनुर्वाताचं भारतातून उच्चाटन झाल्याची मोहोर २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं उमटवली. आजीला ही तारीख ठाऊक नसेल. आठव्या दिवशी न पिणारं बाळ मात्र ती विसरलेली नाही.

नातीनं दुसरा प्रश्न विचारायला हवा तो अवघड आहे: "तुझ्या हातून कुणी गेलं का गं?"

इथे आजी थांबेल. एक बाळंतीण तिला आठवेल. मूल नीट झालं, वारही पडली, पण रक्त थांबेना. वार पडल्यावर बेंबीच्या खाली हात ठेवला की गर्भाशय घट्ट गोळ्यासारखं लागायला हवं. ते मऊ लागलं, तर आतल्या रक्तवाहिन्या दाबल्या जात नाहीत आणि रक्त वाहत राहतं. आजीनं पोट चोळलं, बाळाला छातीशी लावलं, कारण बाळ ओढू लागलं की गर्भाशय आकुंचन पावतं. तरीही लुगड्याच्या घड्या भिजत राहिल्या. बैलगाडी जोडली. दवाखाना दूर होता. या स्थितीत लागणारं इंजेक्शन, सलाईन, रक्त यांतलं काहीच सुईणीपाशी नसे. कथेनं हा प्रसंग टाळला, तर ती आजीचा गौरव करेल, पण तिची ओळख देणार नाही.

आणखी एक गोष्ट परिचयात यावी, थोडक्यात पण स्पष्ट. अनेक गावांत सुईण मांग किंवा तशाच दलित समाजातली असे. अडलेल्या बाईसाठी अर्ध्या रात्री तिला बोलवत, बाळंतिणीच्या खोलीत नेत आणि बाराव्या दिवसानंतर तीच परत उंबऱ्याबाहेर. मोबदला म्हणून धान्य, नारळ, कधी लुगडं. तीच बाई आज व्यासपीठावरच्या मधल्या खुर्चीत बसली आहे, आणि समोरच्या श्रोत्यांत तिच्या हातावर जन्मलेली माणसं आहेत. नातीनं एवढं सांगितलं तरी सभागृहाला पुरे.

आजीचं काम का थांबलं, हेही नातीनं सांगावं. २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली, गावात आशाताई आली, पुढे रुग्णवाहिका आली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली सुमारे ९५ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाल्याचं दिसलं.

मग आजी बोलायला उठेल. लांब भाषण तिला जमणार नाही, आणि लेखकानं तिच्या तोंडी ते घालूही नये. ती समोरच्या मुलींना एवढंच सांगेल, "पोरींनो, घरी बाळंत होऊ नगा. मी व्हते तवा दवाखाना नव्हता, म्हून मी व्हते." रक्तस्रावाचा तो प्रसंग नातीनं आधी सांगितलेला असेल, तर हे वाक्य कुणालाही समजावून द्यावं लागणार नाही.