पणतवंडांचा परतीचा प्रवास

जानेवारी १९७६. मेक्सिकोतल्या सुमारे तीन हजार मीटर उंचीच्या डोंगरात कॅनडाचे कीटकशास्त्रज्ञ फ्रेड अर्कहार्ट धापा टाकत बसले होते. भोवतालची झाडं खोडापासून शेंड्यापर्यंत नारिंगी-काळ्या मोनार्क फुलपाखरांनी झाकलेली होती. इतक्यात फुलपाखरांच्या भाराने एक फांदी मोडून त्यांच्यासमोर पडली. तिच्यावरच्या एका फुलपाखराच्या पंखावर छोटी पांढरी चिठ्ठी होती. आदल्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या चास्का गावी ती चिकटवली गेली होती. म्हणजे अर्ध्या ग्रॅमच्या आसपास वजनाचा तो जीव अडीच हजार किलोमीटरांहून जास्त अंतर कापून आला होता.

फ्रेड आणि त्यांच्या पत्नी नोरा यांनी अनेक वर्षं शेकडो स्वयंसेवकांकडून अशा चिठ्ठ्या लावून घेतल्या, तेव्हा कुठे हा पुरावा हाती आला. पण तो प्रवासाच्या एकाच टप्प्याचा होता. चास्काचं ते फुलपाखरू मेक्सिकोत पहिल्यांदाच आलं होतं. त्याचे आईबापही तिथे कधी गेले नव्हते.

हे समजायला मार्च महिन्यापासून सुरुवात करावी लागते. हिवाळाभर मेक्सिकोत विसावलेली फुलपाखरं तेव्हा उत्तरेकडे निघतात. टेक्सास आणि आसपासच्या प्रदेशात पोचल्यावर मादी मिल्कवीड या झाडांवर अंडी घालते. ही झाडं आपल्या रुईच्याच कुळातली आणि तिच्यासारखीच चिकाची. मोनार्कच्या अळीला दुसरं काही चालत नाही. अंडी घालून झाली की ही पिढी मरते.

तिची पिल्लं साधारण महिनाभरात पंख फुटून आणखी उत्तरेकडे जातात, कारण मिल्कवीड तिकडे नव्याने उगवत असतं. ती अंडी घालतात आणि मरतात. उन्हाळ्यात आणखी एक-दोन पिढ्या याच रीतीने जन्मतात आणि मोनार्क दक्षिण कॅनडापर्यंत पसरतात. या पिढ्यांतल्या प्रौढ फुलपाखराचं आयुष्य दोन ते सहा आठवड्यांचं असतं.

ऑगस्ट संपता संपता जन्मणारी पिढी मात्र वेगळी असते. दिवस लहान होत जातात, रात्री गार होतात, मिल्कवीडची पानं जून होतात. या खुणांमुळे तिच्या शरीरातलं प्रजननाला चालना देणारं संप्रेरक कमी राहतं आणि तिची प्रजननाची इंद्रियं अपक्वच राहतात. अंड्यांवर खर्च होणारी शक्ती वाचते. वाटेत फुलांचा रस पिऊन ती अंगात चरबी साठवते आणि आठ महिन्यांपर्यंत जगते. मार्चमध्ये निघालेल्यांची ही पणतवंडं किंवा खापरपणतवंडं दक्षिणेची वाट धरतात.

वाट दाखवायला कोणी नसताना त्यांना दिशा कळते ती सूर्यावरून. पण सूर्य दिवसभर सरकत असतो, म्हणून त्यासोबत घड्याळही लागतं. हे घड्याळ त्यांच्या मिशांमध्ये असतं. संशोधकांनी काही मोनार्कांच्या मिशांना काळा रंग फासला. उजेड न मिळाल्याने घड्याळ बाहेरच्या वेळेपासून तुटलं आणि फुलपाखरं एका रेषेत, पण चुकीच्या दिशेला उडू लागली. पारदर्शक रंग लावलेली मात्र बरोबर नैर्ऋत्येकडे गेली.

मेक्सिकोत ती ओयामेल नावाच्या सूचिपर्णी वृक्षांवर दाटीवाटीने बसतात. तिथली थंडी चरबी जपून वापरायला लावते आणि झाडांची छत्री पाऊस व कडाका अडवते. याच थंडीने त्यांची दिशाही उलटते. शरद ऋतूत पकडलेल्या मोनार्कांना प्रयोगशाळेत २४ दिवस तशीच थंडी दिली, तेव्हा ती उत्तरेकडे तोंड करून उडू लागली. ज्यांना थंडी मिळाली नाही, ती मार्च उजाडला तरी दक्षिणेकडेच जाऊ पाहत होती.

म्हणून या साखळीची कोणतीही एक कडी तुटली की पुढचं सगळं अडतं. जंगल विरळ झालं तर झाडांवरची फुलपाखरं ओली होतात, आणि ओलं फुलपाखरू कोरड्यापेक्षा लवकर गोठतं. जानेवारी २००२ मधल्या एका वादळात पाऊस आणि त्यामागून आलेल्या कडाक्याने कोट्यवधी मोनार्क मेले. दुसरीकडे, अमेरिकेतल्या मका-सोयाबीनच्या शेतांतलं मिल्कवीड तणनाशकांनी साफ होत गेलं. मेक्सिकोत या फुलपाखरांची मोजणी त्यांनी व्यापलेल्या जंगलाच्या क्षेत्रफळावरून होते. १९९६-९७ च्या हिवाळ्यात ते सुमारे १८ हेक्टर होतं, २०१३-१४ मध्ये एक हेक्टरही उरलं नव्हतं.

नुसतं मेक्सिकोतलं जंगल राखून मोनार्क वाचणार नाही. टेक्सासच्या माळावर, मिनेसोटाच्या बांधावर आणि कॅनडाच्या कुरणातही मिल्कवीड उगवत राहायला हवं, कारण परतणाऱ्या फुलपाखराचे आजे-पणजे तिथेच जन्मतात.