'मामा'चा 'बाबा' होतो तेव्हा

नाक चिमटीत घट्ट धरा आणि 'मामा' म्हणून पाहा. तोंडातून 'बाबा' निघेल. 'नाना' म्हणायला जाल तर 'दादा' ऐकू येईल. 'म' आणि 'न' म्हणताना हवा नाकातून बाहेर पडावी लागते. ती वाट बंद झाली की 'म'चा 'ब' होतो आणि 'न'चा 'द'.

पाच वर्षांचा एखादा मुलगा सर्दी नसतानाही असाच बोलत असेल, दिवसभर तोंड उघडं ठेवत असेल आणि रात्री मोठ्या माणसासारखा घोरत असेल, तर नाकाच्या मागच्या बाजूला काहीतरी अडलं आहे असं समजावं. लहान मुलांत ती अडचण बहुतेक वेळा ॲडेनॉइडची असते.

पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं, हे आपल्याला ठाऊक आहे. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींची ती गाठ. टॉन्सिल आणि ॲडेनॉइड याच जातीच्या ऊतीचे, पण त्यांची बसण्याची जागा वेगळी. जांघेतली गाठ आत शिरलेल्या शत्रूला वाटेत गाठते. टॉन्सिल मात्र थेट दारात बसतात. मुलाने 'आ' केला की पडजिभेच्या दोन्ही बाजूंना दिसतात ते टॉन्सिल. ॲडेनॉइड मऊ टाळूच्या वर, नाकाची पोकळी जिथे घशात उघडते तिथे छताला चिकटलेलं असतं, म्हणून बॅटरी मारूनही दिसत नाही. जिभेच्या मुळाशी आणि कानाच्या नळीच्या तोंडाशीही अशीच ऊती असते. या सगळ्यांचं मिळून घशाभोवती एक कडं होतं. वाल्डायर या जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञाच्या नावाने ते ओळखलं जातं.

टॉन्सिलवर खोल खाचा असतात, ॲडेनॉइडवर घड्या. हवा-अन्नातून आलेले जंतू तिथे अडकतात, खालच्या पेशी त्यांची ओळख पटवतात आणि त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात. बालवाडीच्या वयात रोज नवे जंतू भेटतात, त्यामुळे हे काम तेव्हा जोरात चालतं आणि ऊतीही फुगते. साधारण तीन ते सात वर्षांच्या दरम्यान ॲडेनॉइड भरात असतं. पुढे ते आक्रसत जातं आणि वयात येईपर्यंत बहुतेकांचं नावापुरतं उरतं.

अडचण जागेची आहे. या वयात नाकामागची पोकळी लहान असते. तिच्यात ॲडेनॉइड वाढलं की हवेची वाट बुजते आणि मूल तोंडाने श्वास घेऊ लागतं. हा सवयीचा दोष नसतो, म्हणून 'तोंड मीट' असं दटावून उपयोग होत नाही. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, तेव्हा अडथळा आणखी वाढतो. मूल घोरतं, मान मागे टाकून झोपतं, काही वेळा श्वास क्षणभर थांबतो आणि दचकून पुन्हा सुरू होतो. अशी तुटक झोप झालेलं मूल दिवसा चिडचिड करतं.

कानाच्या नळीचं तोंडही शेजारीच असल्यामुळे कानाच्या पडद्यामागे चिकट द्रव साठतो. कान दुखत नाही, पण ऐकू कमी येतं. घरच्यांना वाटतं, मूल लक्ष देत नाही. १८६८ मध्ये कोपनहेगनच्या विल्हेल्म मेयर या डॉक्टरने बंद नाक, बिघडलेला उच्चार आणि कमी ऐकू येणं यांचं मूळ या एकाच वाढीत असल्याचं दाखवून दिलं.

वर्षानुवर्षं तोंड उघडं राहिलं तर जीभ टाळूला टेकत नाही. मग टाळू अरुंद व उंच होऊ शकतो आणि दात पुढे येऊ शकतात.

तोंडाने श्वास घेणारं प्रत्येक मूल ॲडेनॉइडचंच असतं असं नाही. शिंका आणि नाकाची खाज असेल तर ॲलर्जी असू शकते. एकाच नाकपुडीतून घाण वासाचा स्राव येत असेल तर आत मणी किंवा शेंगदाणा अडकलेला असू शकतो. खात्रीसाठी कान-नाक-घसा तज्ज्ञ बारीक दुर्बिणीने पाहतात किंवा बाजूने एक्स-रे काढतात.

त्रास थोडा असेल तर काही आठवडे नाकात मारायचा स्टेरॉइड स्प्रे देऊन वाट पाहता येते, कारण काळ मुलाच्या बाजूने असतो. श्वास थांबत असेल किंवा महिनोन्महिने ऐकू कमी येत असेल तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. ती भूल देऊन तोंडावाटे करतात, बाहेर काप नसतो. कड्याचा बाकीचा भाग पहारा चालू ठेवतो. ॲडेनॉइडला टॉन्सिलसारखं वेगळं आवरण नसल्यामुळे ते मुळापासून निघत नाही, आणि काही मुलांत पुन्हा वाढतं.

तपासणीला जाण्याआधी एका रात्री मूल गाढ झोपलं की जवळ बसा आणि त्याच्या श्वासाचं दोन मिनिटं मोबाइलवर चित्रण करा. दवाखान्यात जागं असलेलं मूल डॉक्टरांना जे दाखवू शकत नाही, ते त्यात दिसेल.