घाईत केलेली मारामारी

ब्लिट्झ बुद्धिबळाच्या एका प्रचलित प्रकारात प्रत्येकाला ३ मिनिटे मिळतात आणि प्रत्येक चालीमागे घड्याळात २ सेकंदांची भर पडते. डाव ४० चालींचा धरला, तर हाती येतात २६० सेकंद, म्हणजे चालीला साडेसहा. पण वेळ असा सारखा वाटला की डाव हातचा गेलाच म्हणून समजा.

पाठ असलेल्या सुरुवातीच्या दहा चाली दोन-दोन सेकंदांत झाल्या, तर घड्याळ पुन्हा ३ मिनिटांवरच असते. राजाला शह बसलाय आणि पळायला एकच घर आहे, तिथे विचार कसला करायचा? दोन-तीन चाली सारख्याच बऱ्या दिसत असतील, तर मोहरे फुकट जात नाही एवढे पाहून त्यातली साधी चाल खेळावी. सर्वांत अचूक कोणती, हे शोधण्याची चैन संथ डावात करावी. अशी बचत झाली की दोन-तीन ठिकाणी वीस-पंचवीस सेकंद बसता येते.

ती ठिकाणे म्हणजे जिथून मागे फिरता येत नाही अशा चाली, आणि त्यांतली सगळ्यात फसवी म्हणजे मोहऱ्यांची मारामारी. वेळ कमी उरला की पट मोकळा करावासा वाटतो आणि ‘मारून टाकू, सोपे होईल’ म्हणून हात पुढे जातो. बहुतेकदा सोपे होतेही. शेवटच्या हत्तींचे मात्र तसे नाही.

समजा, पांढऱ्याचा राजा ई५ वर आणि प्यादे ई४ वर आहे. दोघांकडे एकेक हत्ती आहे, काळ्याकडे प्यादे नाही. पांढऱ्याने डी७ वरचा हत्ती मारला आणि काळ्या राजाने परत मारले, तर पांढरा राजा एफ६ वर जातो. तिथून तो प्याद्याची वाट राखतो आणि वजीर होतोच. हीच मारामारी ई७ वर झाली, तर काळा राजा बरोबर समोर उभा राहतो. चाल पांढऱ्याची, आणि तो राजा बाजूला सरकला की काळाही त्याच्या समोर सरकतो. डाव बरोबरीत. फरक एका घराचा, पण हत्ती गेल्यावर तो भरून काढता येत नाही.

घड्याळात १५ सेकंदच उरले असतील, तर हे मोजायला वेळ नसतो. तेव्हा हत्ती पटावर ठेवून साधी चाल खेळलेली बरी.

ऑनलाइन डावांच्या नोंदीत बहुधा प्रत्येक चालीला लागलेला वेळ दिसतो. पुढचा डाव हरलात, तर चुकीची चाल शोधण्याआधी सगळ्यात जास्त सेकंद कुठे गेले, ते पाहा.